हातोड्यांचा मार

आमचे वडील फोंड्यास एका नोटरीच्या कचेरीत लेखनिक होते. पोर्तुगीज अंमल १९६१ साली संपला, पण त्या भाषेत लिहिलेली जमिनीची जुनी कागदपत्रे काही संपली नाहीत. कुळागराच्या वाटणीचा प्रश्न निघाला की लोक पिवळे पडलेले कागद घेऊन आमच्या ओसरीवर येत, आणि वडील ते मराठीत वाचून दाखवीत. त्यांच्या शेजारी बसून आम्हीही ती भाषा शिकलो. त्यामुळे आमची पोर्तुगीज ही दस्तऐवजांची पोर्तुगीज. ‘उपरोक्त’, ‘पूर्वेस’, ‘पश्चिमेस’ आणि ‘मयताचे वारस’ हे शब्द आम्हांस पाठ. तरुण मुले आपसांत काय बोलतात, याचा मात्र गंध नाही. ही उणीव आम्हांस ज्या दिवशी जाणवली, त्या दिवसाची ही हकीकत आहे.

दिनांक ६ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार. पितृपक्ष चालू होता. सकाळी सातच्या सुमारास आमच्या शेजारच्या माई हातात मोबाइल धरून दारात उभ्या राहिल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांचा नातू त्या वर्षी पोर्तुगालमधील पोर्तो शहरी शिकत होता. माईंचा चेहरा पाहताच आम्ही हातातला पेला खाली ठेवला.

“मास्तर, हे वाचा. मला काय ते खरे सांगा,” एवढेच त्या म्हणाल्या.

पडद्यावर एक स्क्रीनशॉट होता. समाजमाध्यमावर कोणा मित्राने टाकलेल्या पोस्टचे ते चित्र मुंबईच्या एका भाच्याने घरच्या गटात पाठविले होते. फोटोत माईंचा नातू दगडी पायऱ्यांवर आडवा पडलेला, डोळे मिटलेले. उशाशी एक मातीची लहान कुंडी, आणि तीत बारीक पानांचे हिरवेगार झुडूप. माईंनी त्यावर बोट ठेवले. “ही तुळस कशाला ठेवली त्याच्या उशाशी?” असे विचारताना त्यांचा आवाज कापला. मरणासन्न माणसाच्या उशाशी तुळस ठेवतात, हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरात हा प्रश्न साधा नसतो.

फोटोखाली पुढील ओळी होत्या. आम्ही त्या जशाच्या तशा देतो:

```
5h
#tbt O nosso goês no S. João
Levou c/ tantos martelos na cabeça
q tá morto #portocarago … more
```

भाच्याला पोर्तुगीज येत नव्हती. त्याने शब्दकोशात एकेक शब्द पाहून खाली अर्थ लिहिला होता: ‘आपला गोव्याचा मुलगा सेंट जॉनमध्ये. डोक्यावर इतके हातोडे, की मेला. चेहरा.’ आणि पुढे पुस्ती जोडली होती: ‘पोर्तोमध्ये S. João नावाचे मोठे हॉस्पिटल आहे. पाच तासांपूर्वीची पोस्ट आहे. फोन उचलत नाही.’

आमच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून पाहावे. भाच्याने काढलेला एकेका शब्दाचा अर्थ शब्दकोशात खरोखरच आहे. हातोडा आहे, डोके आहे, मेलेला आहे, रुग्णालयही त्या नावाचे खरेच आहे. तरीही सारी गोष्ट चुकली होती. आणि ती कोठे चुकली हे ठरविण्यास आम्हांस त्या सकाळी सुमारे दीड तास लागला.

प्रथम आम्ही माईंना बसविले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखविले. ऑक्टोबरच्या आरंभी गोवा पोर्तुगालच्या साडेचार तास पुढे असतो. आपल्याकडे सकाळचे सात, म्हणजे तेथे पहाटेचे अडीच. त्या वेळी तरुण माणसाने फोन न उचलणे यात विशेष काही नाही. यावरून तो सुखरूप आहे हे सिद्ध होत नव्हते, परंतु एका भीतीचा आधार तरी निघून गेला.

मग मजकूर घेतला. पहिले काम संक्षेप सोडविण्याचे. यात आमच्या वडिलांची शिकवण कामी आली. `c/` म्हणजे com, अर्थात ‘सह’ किंवा ‘ने’. ही तिरपी रेघ पोर्तुगीज लोक हाताने लिहितानाही देतात. `q` म्हणजे que, अर्थात ‘की’. जुन्या हस्तलिखितांत याच q वर लहानशी नागमोडी रेघ देऊन que लिहिलेले आढळते. आजच्या मुलांनी नकळत तीच युक्ती पुन्हा उचलली आहे, फक्त वरची रेघ गाळली. `tá` म्हणजे está, अर्थात ‘आहे’, आणि तोही बोलताना जसा तोंडात येतो तसा लिहिलेला. संक्षेपांना हसण्याचे आपल्याला कारण नाही. ‘सा. न. वि. वि.’ हे चार ठिपके आपले आजोबा प्रत्येक पत्राच्या माथ्यावर घालीत, आणि ते ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ आहेत हे परक्याला कोणत्याही शब्दकोशात सापडले नसते. संक्षेपाचा अर्थ तो वापरणाऱ्यांच्या सवयीत असतो. म्हणून ती सवय ज्याला ठाऊक, त्यालाच तो विचारावा लागतो.

संक्षेप सुटल्यावर वाक्य उभे राहिले, आणि भाच्याची पहिली चूक दिसली. Levar या क्रियापदाचा कोशातला पहिला अर्थ ‘नेणे’. परंतु levar com असा जोड झाला, म्हणजे ‘अंगावर बसणे, मार खाणे’ असा अर्थ होतो. आपल्या भाषेतही ‘खाणे’ हे क्रियापद पाहा: भाकरी खातात, मार खातात, आणि बोलणीही खातात. तेव्हा वाक्याचा सरळ अर्थ ‘डोक्यावर इतके हातोडे खाल्ले, की मेला आहे’ असा झाला. अर्थ स्पष्ट झाला, आणि भीती उलट वाढली. माई आमच्या तोंडाकडे पाहत होत्या, आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, “माई, अजून अर्धेच वाचून झाले आहे.”

Morto या शब्दाविषयी आम्हांस थोडी शंका होती. दमलेला पोर्तुगीज ‘मी मेलो आहे’ असे म्हणतो, हे आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकले होते. आपणही दोन कोस चालून आल्यावर ‘मेलो बुवा’ म्हणतोच. परंतु शंका म्हणजे पुरावा नव्हे. शब्द दोन्ही बाजूंनी लागू पडत असेल, तर निकाल त्याच्या बाहेर शोधावा लागतो.

म्हणून आम्ही `no S. João` याकडे वळलो, आणि हे अक्षर त्यांच्या उच्चाराप्रमाणे मोठ्याने वाचले: “सांव जुआंव.”

माईंनी मान वर केली. “म्हणजे आपला सांजांव?” त्यांनी विचारले.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सेंट जॉन बॅप्टिस्ट यांचा सण २४ जून रोजी येतो. आमच्याकडे त्यास सांजांव म्हणतात. ऐन पावसाळ्यात ख्रिस्ती तरुण डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून गात हिंडतात आणि भरल्या विहिरींत उड्या घेतात. माईंनी हा सण जन्मभर पाहिला होता, फक्त S. João ही अक्षरे आणि सांजांव हा शब्द एकच आहेत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. भाच्याने त्याचे इंग्रजी रूप करून ‘सेंट जॉन’ म्हटले, आणि त्यासरशी तो ओळखीचा शब्द त्या घराला अनोळखी झाला.

परंतु येथेही घाई चालण्यासारखी नव्हती. पोर्तोमध्ये या एका नावाचे सण आहे, रुग्णालय आहे, नाट्यगृह आहे, आणि दोउरू नदीवर १९९१ साली खुला झालेला रेल्वेचा पूलही आहे. ‘no S. João’ याचा अर्थ ‘सांजांवच्या सणात’ असा होतो, तसाच ‘त्या रुग्णालयात’ असाही होतो. व्याकरण दोघांनाही सारखेच दार उघडून देते. शिवाय सणाच्या अर्थाविरुद्ध एक मोठी हरकत होती: सण जूनचा, आणि आपण ऑक्टोबरात. पोस्ट पाच तासांपूर्वीची असेल, तर रुग्णालयाचे पारडेच जड होत होते.

ही गाठ सोडविणारी खूण पहिल्याच ओळीत होती, आणि ती आम्हांस कळली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. `#tbt` हे आम्ही पोर्तुगीज समजून वाचीत होतो. ‘सुद्धा’ या अर्थाच्या também या शब्दाचा संक्षेप tb असा करतात, हे आम्ही कोठेसे पाहिले होते; तेव्हा शेवटचा t कशाचा, या विचारात आम्ही पंधरा मिनिटे घालविली. इतक्यात आमच्या शाळेतील दहावीची एक विद्यार्थिनी वही मागण्यास आली. तिने पडद्याकडे एकदाच पाहिले आणि म्हणाली, “सर, ते पोर्तुगीज नाही. थ्रोबॅक थर्सडे. गुरुवारी जुना फोटो टाकतात, तेव्हा लिहितात.”

हॅशटॅगची ही चाल तशी फार जुनी नाही. एका विषयाचे संदेश एकत्र सापडावेत म्हणून शब्दापूर्वी # हे चिन्ह घालावे, अशी सूचना क्रिस मेसिना या अमेरिकी गृहस्थाने ऑगस्ट २००७ मध्ये ट्विटरवर केली. पुढे त्या खुणा देशोदेशी फिरल्या, आणि काही खुणा मूळ इंग्रजीच राहून सर्व भाषांत शिरल्या. म्हणून पोर्तुगीज मजकुरातील प्रत्येक अक्षर पोर्तुगीजच असेल असे धरून चालणे ही आमची चूक होती. एका ओळीत दोन भाषा नांदू शकतात. गोव्याच्या माणसाला तरी हे कोणी सांगावयास नको होते.

आता `#tbt` चा अर्थ खरा असेल, तर पोस्ट गुरुवारी पडलेली असली पाहिजे. तो दिवस तर शुक्रवार होता. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेतली. स्क्रीनशॉटमधील `5h` ही वेळ फसवी असते. मूळ पोस्टवर ती दर तासाला बदलत जाते. स्क्रीनशॉटमध्ये मात्र ती काढल्या क्षणी गोठते, आणि तेच चित्र महिनाभराने कोणी पुढे पाठविले, तरी ते ‘पाच तासांपूर्वी’ असेच म्हणत राहते. म्हणून स्क्रीनशॉट केव्हा काढला हे कळल्यावाचून त्या आकड्याला किंमत नाही. भाच्याने चित्राच्या वरची घड्याळाची पट्टी कापून टाकली होती. आम्ही त्याला फोन लावला. त्याने सांगितले, “सहा वाजून दहा मिनिटांनी काढला, मास्तर. लगेच पाठवला.”

सहा दहामधून पाच ते सहा तास वजा केले, म्हणजे आपल्याकडची मध्यरात्र उलटून गेल्यानंतरचा तास येतो, शुक्रवारचा. त्यातून आणखी साडेचार तास वजा केले, म्हणजे पोर्तोमधील रात्रीचे आठच्या आगेमागे, आणि वार गुरुवार. खूण बरोबर जुळली. मित्राने गुरुवारी रात्री एक जुना फोटो काढून लावला होता. आपल्याकडे तो शुक्रवारी उगवला, एवढेच.

माईंनी आमच्या आकडेमोडीकडे पाहिले आणि विचारले, “जुना म्हणजे केव्हाचा?” प्रश्न अगदी योग्य होता. आणि त्याचे उत्तर स्क्रीनशॉटमध्ये नव्हते, कारण मजकूर `… more` पाशी तुटला होता. हा more शब्द मित्राचा नव्हे. तो भाच्याच्या मोबाइलचा, म्हणून इंग्रजीत. त्याचा अर्थ ‘पुढे आणखी आहे, बोट लावा’ असा. स्क्रीनशॉट वाचताना लेखकाचे शब्द कोणते आणि यंत्राचे शब्द कोणते, हे आधी वेगळे केले पाहिजे; आणि असे तीन ठिपके दिसले, तर त्यापुढचे वाचल्यावाचून अर्थ सांगू नये. आमचे वडील दस्तऐवजाचे शेवटचे पान पाहिल्याशिवाय पहिल्या पानाचा अर्थ सांगत नसत. आम्ही भाच्याला म्हणालो, “त्या शब्दावर बोट ठेव, मजकूर पुरा उघड, आणि काही न कापता पाठव.”

पाच मिनिटांत दुसरे चित्र आले. उरलेला मजकूर असा:

```
Mt obg a tds, fds em gd!
Pró ano há mais. Bjs
#noitemaislonga #saojoaodoporto
```

शेवटचा हॅशटॅग पाहताच आमच्या छातीवरचे ओझे उतरले. हॅशटॅगमध्ये शब्दांतील अंतर गाळावे लागते, आणि पुष्कळ जण अक्षरांवरील चिन्हेही गाळतात. तेव्हा तो वाचावयाचा म्हणजे संधी सोडवावयाचा. `#saojoaodoporto`: São João do Porto, पोर्तोचा सांजांव. `#noitemaislonga`: noite mais longa, सर्वांत लांब रात्र. २३ जूनच्या रात्रीला पोर्तोचे लोक वर्षातली सर्वांत लांब रात्र म्हणतात. कारण त्या रात्री शहर झोपत नाही. मध्यरात्री नदीवर दारूकाम होते, रस्त्यारस्त्यावर सार्डिन मासळी भाजतात, आणि दुसऱ्या दिवशी शहराला सुट्टी असते. `Pró ano há mais` म्हणजे ‘पुढच्या वर्षी पुन्हा आहेच.’ रुग्णालयाविषयी असे कोणी म्हणत नाही.

एक संक्षेप अजून अडला होता. `Mt obg a tds` म्हणजे ‘सर्वांचे फार आभार’, हे स्वरांची जागा भरताच कळले. `fds` याचे मात्र दोन अर्थ असल्याचे पुढे नातवानेच सांगितले. एक fim de semana, म्हणजे शनिवार-रविवारची सुट्टी; दुसरा एक असभ्य उद्गार, जो या अंकात छापता येणार नाही. कोणता घ्यावयाचा, हे शेजारच्या `em gd` वरून ठरते. ते em grande, म्हणजे ‘थाटात’, ‘झकास’. सुट्टी थाटात जाते. शिवी थाटात जात नाही. आणखी एक ताळा दिनदर्शिकेने दिला. २०२३ साली २३ जून शुक्रवारी आला होता. शुक्रवारची रात्र जागून पुढे शनिवार-रविवार, म्हणजे सुट्टीचा अर्थ त्या वर्षाला चपखल बसतो. नातू पोर्तोस गेल्यापासूनचा तो पहिलाच सांजांव होता. माईंच्या ‘केव्हाचा’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले: साडेतीन महिन्यांपूर्वीचा.

आता हातोडे. न कापलेल्या फोटोत नातवाच्या मांडीवर एक रंगीत हातोडी स्पष्ट दिसत होती. ती प्लास्टिकची, आतून पोकळ. डोक्यावर हाणली की ‘पींक’ असा आवाज करते. सांजांवच्या रात्री पोर्तोमध्ये ओळखीचा असो वा नसो, समोर येईल त्याच्या डोक्यावर अशी हातोडी मारण्याचा रिवाज आहे. ही हातोडी १९६३ पासूनची. त्यापूर्वी लसणाच्या जातीच्या एका झाडाचा लांब, फुलोरा आलेला दांडा घेऊन लोक एकमेकांच्या तोंडाला लावीत, आणि काही जण अजूनही लावतात. रागाने नव्हे, शुभचिंतनाने. आपल्या रंगपंचमीला कोणी तोंडावर रंग फासला, तर त्याचे भाषांतर ‘हल्ला’ असे करून चालेल काय?

आणि तुळस? ती तुळसच, निदान तिच्या कुळातली. पोर्तुगीज तिला manjerico म्हणतात. पाने अगदी बारीक, झुडूप चेंडूसारखे गोल. जूनमधील सणांत ती कुंडी प्रियजनांना भेट देतात, तीत कागदाचे फूल आणि चार ओळींचे कवन लिहिलेली चिमुकली पताका खोवतात. तिचा वास नाक लावून घेत नाहीत. पानांवरून तळहात फिरवून तो हुंगतात. पहिल्या चित्रात पताकेचा भाग कापला गेला होता. दुसऱ्यात ती दिसत होती. माईंनी चित्र मोठे करून ती पताका बराच वेळ पाहिली. ज्या झुडपाने त्यांना सर्वांत अधिक घाबरविले, ते परक्या शब्दांमुळे नव्हे, तर आपल्या ओळखीच्या वस्तूमुळे. मजकुराची गोष्ट असो वा फोटोची, ओळखीची दिसणारी खूण परक्या मुलखात तोच अर्थ सांगेल, असा भरवसा धरता येत नाही.

राहिला `#portocarago`. भाच्याने यातून cara काढून ‘चेहरा’ असा अर्थ लावला होता, पण मग शेवटी go हा निरर्थक तुकडा उरत होता. फोड बरोबर असेल, तर शेष काही उरू नये. येथे फोड दोनच शब्दांची: Porto, carago. Carago हा पोर्तुगालच्या उत्तर भागातील, विशेषतः पोर्तोकरांच्या तोंडचा उद्गार. एका ग्राम्य शब्दाला सौम्य करून घडविलेला, आणि आता शहराच्या अभिमानाची खूणच झालेला. लिस्बनचा माणूस तो म्हणाला, तर पोर्तोकराची नक्कल करतो आहे असे वाटते.

सारे कळल्यावर आम्ही माईंसाठी ते मराठीत लिहून काढले. हे काम वाटले तितके सोपे नव्हते. हॅशटॅगांपैकी जे नुसते कप्प्याचे नाव होते, ते कंसात ठेवले. जे बोलणे होते, ते वाक्यात घेतले. Morto साठी मराठीत ‘मेला’ हा तंतोतंत शब्द हाताशी होता, आणि दमल्याचा अर्थही तो देतो. परंतु पितृपक्षात, त्या आजीच्या हाती द्यावयाच्या कागदावर, तो लिहिण्यास आमचा हात धजला नाही. Carago साठी मराठीत जोरकस शब्द पुष्कळ आहेत. शाळेच्या मास्तराने सौम्य तो घेतला, आणि त्यात मुळाचा थोडा तिखटपणा गेला, हे मान्य आहे. `Bjs` म्हणजे beijos, ‘पापे’. पोर्तुगीज मनुष्य पत्राच्या शेवटी ते सहज लिहितो. आपण त्या जागी जे लिहितो, ते आम्ही लिहिले. कागद असा झाला:

‘(गुरुवारची जुनी आठवण.) सांजांवच्या रात्री आमचा गोंयकार! डोक्यावर इतक्या हातोड्या खाल्ल्या, की बिचारा पार गळून गेला. पोर्तो ते पोर्तोच, गड्या! सर्वांचे फार फार आभार. शनिवार-रविवार झकास गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आहेच. लोभ असावा. (वर्षातली सर्वांत लांब रात्र. पोर्तोचा सांजांव.)’

माईंनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि कमरेला खोवला. तरीही त्या उठल्या नाहीत. “तुम्ही सांगता ते पटते, मास्तर. पण त्याचा आवाज ऐकेपर्यंत मी येथेच बसते,” त्या म्हणाल्या. आम्हांस त्यात अपमान वाटला नाही. आम्ही मजकुराचा अर्थ सांगितला होता. साडेतीन महिन्यांपूर्वी तो हसतखेळत होता, एवढेच त्यावरून ठरत होते. त्या सकाळी तो कसा आहे, हे कोणतेही भाषांतर सांगू शकत नव्हते.

दुपारी साडेबारा वाजता, म्हणजे तेथल्या सकाळी आठला, फोन वाजला. पडद्यावर वीस-बावीस हुकलेले फोन पाहून तो पोरगाच घाबरला होता. “आजी, घरी सगळे बरे आहेत ना?” हे त्याचे पहिले शब्द. माईंनी मोबाइल कानाशी धरला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, “डोके दुखते का रे?”

पुढील दिवाळीत नातू गोव्यास आला, तेव्हा त्याने आजीसाठी एक प्लास्टिकची हातोडी आणली. ती आता माईंच्या देवघराच्या फळीवर आहे, आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येक लहान मुलाच्या डोक्यावर तिचा ‘पींक’ असा एक आवाज होतो. पोस्टमधील मजकूर येथे छापण्यास त्याने व त्याच्या मित्राने आनंदाने परवानगी दिली. मित्राला आमचे भाषांतर पोर्तुगीजमध्ये परत फिरवून सांगितले, तेव्हा ‘लोभ असावा’ याचा अर्थ समजावताना नातवाला बरीच खटपट करावी लागली, असे कळते.